बारा बाय दहा

खोली बारा बाय दहाच हवी, असं बाबांनी फोनवर तीनदा सांगितलं. डोळे गेले तरी आवाजातला साहेबी थाट गेला नव्हता. आयुष्यभर जमिनी मोजल्या, सरकारी मोजणीदार म्हणून तीन जिल्हे पालथे घातले, तेव्हा माप सांगताना त्यांचा स्वर आपोआप हुकूम दिल्यासारखा व्हायचा.

"जुन्या घरातली खोली तेवढीच होती ना," ते म्हणाले. "हातापायांना सवय आहे. दिसत नाही तर निदान माप तरी ओळखीचं असावं माणसाला. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. देशील ना?"

"देईन की," मी म्हटलं. "बारा आणि दहा. शब्द दिला."

फोन ठेवला आणि मी चक्क हसले. असं हसू मला याआधी कधी आलं नव्हतं, आणि पुन्हा येऊ नये असंही तेव्हा वाटलं नाही.

काय झालं होतं ते सांगते, म्हणजे मी का हसले ते कळेल.

लहानपणी मला भूमिती बाबांनीच शिकवली. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण त्याला पुस्तक उघडलं की झोप यायची. बाबांनी त्याचा नाद सोडला आणि मला धरलं. त्यांनी लाकडाच्या चार पट्ट्या घेतल्या, दोन लांब आणि दोन आखूड, कोपऱ्यांवर एकेक खिळा ठोकून चौकट केली. खिळे सैल ठेवले, म्हणजे चौकट हवी तशी कलंडावी. ती टेबलावर सरळ ठेवून आत वाळलेले वाटाणे पसरले, अगदी एका थरात, एकाला एक चिकटून.

"आता एका कोपऱ्याला ढकल," ते म्हणाले.

मी ढकललं. चौकट कलंडली, वाटाणे एकमेकांवर चढायला लागले, बाहेर उड्या मारायला लागले. मी खिदळत होते.

"पट्ट्यांची लांबी बदलली का गं, चिमे?"

"नाही."

"मग जागा कुठं गेली?"

मी पट्ट्यांखाली शोधायला लागले. मग त्यांनी कागदाचा तिरका चौकोन कापला, त्याच्या एका टोकाचा त्रिकोण कात्रीनं उडवला आणि दुसऱ्या टोकाला नेऊन लावला. समोर सरळ आयत तयार. आयताची लांबी तीच, पण रुंदी बघते तर तिरक्या बाजूपेक्षा पुष्कळ कमी. तिरकी बाजू किती उंच चढते ते कोनावर असतं, आणि ते सांगणाऱ्याला साइन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. एक बाजू, लगतची दुसरी बाजू आणि मधल्या कोनाचा साइन, तिघांचा गुणाकार केला की क्षेत्रफळ. कोन नव्वदचा असला तर साइन एक, सगळी जागा पदरात. तीसचा असला तर साइन बरोबर अर्धा.

"नव्वदच्या आसपास साइन मोठ्या मनाचा असतो," बाबा म्हणायचे. "ऐंशी अंश झाले तरी शंभरातले दीडच जातात, कुणाला कळतही नाही. पण तीसवर आलात की अर्धं ताट ओढून घेतो. लोक बाजू मोजतात आणि खूश होतात. तू कोन विचारत जा. बाजू खोटं बोलत नाहीत, पण सगळं सांगतही नाहीत."

हे वाक्य मी शाळेत, कॉलेजात आणि पुढे नोकरीतही मिरवलं. बांधकामाचे नकाशे काढायच्या ऑफिसात मी पंचवीस वर्षं काढली. कुणी नुसत्या बाजू लिहून आणल्या की मी पेन खाली ठेवायची आणि विचारायची, कोन? साहेब लोक वैतागायचे. बाबांना सांगितलं की त्यांची छाती फुगायची. सांगायचा मुद्दा, आमच्या दोघांचं एक गणित होतं आणि दादा त्यात नव्हता. मला फार अभिमान होता त्याचा. बाप माझा होता, असं मला वाटायचं.

मग वाटणी झाली.

शहराबाहेरच्या रस्त्यालगत बाबांची जमीन होती. बरीचशी विकली, दोन तुकडे ठेवले. एक रस्त्याच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्हींची रस्त्याकडची बाजू साठ फूट, आत जाणारी बाजू चाळीस फूट. सगळ्या नातेवाइकांना बोलावून बाबांनी जाहीर केलं की मुलगा आणि मुलगी त्यांना सारखे, दोघांनाही एकेक तुकडा, साठ बाय चाळीस. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणाले, असा बाप लाखात एक. वहिनीचा चेहरा उतरला होता, तो बघून मला बरं वाटलं होतं हे लपवत नाही.

"अलीकडचा दादाला, पलीकडचा हिला," बाबा म्हणाले. "ज्याला शंका असेल त्यानं बाजू मोजून घ्याव्यात."

कुणाला शंका असणार? तरी बाबांनी आम्हाला जागेवर नेलं. तेव्हा त्यांना अजून थोडं दिसायचं. दादाच्या तुकड्यात नुसतं गवत होतं. माझ्या तुकड्यात डोक्याइतकं काटेरी झुडूप माजलेलं. मी रस्त्याच्या कोपऱ्यावर टेपचं शून्य धरून उभी राहिले आणि बाबा दुसरं टोक घेऊन झुडपात शिरले. काटे टोचत असणार, पण मला आत येऊ दिलं नाही.

"चाळीस!" आतून आवाज आला.

"चाळीस," मी बाहेरून म्हटलं.

कोन मी विचारला नाही. पंचवीस वर्षं परक्या माणसांना विचारला, बापाला नाही विचारला. टेप ज्याच्या हातात होती तो माझा बाप होता, त्याच्याकडून कोन मागायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कागदावर चारी बाजू लिहिल्या होत्या आणि क्षेत्राच्या जागी ‘जागेवरील मोजणीप्रमाणे’ असं होतं. मी सही केली. त्यांच्या पायाला हात लावून नमस्कारसुद्धा केला.

दादानं वर्षभरात बंगला उठवला, मागं बाग, बागेत झोपाळा. मला घर बांधायला पैसे साठवत तीन वर्षं गेली. ऑफिसातल्या रिकाम्या वेळात मी स्वतःच नकाशा काढला, एकटीपुरतं घर, पुढे मोठी कामाची खोली, मागे झाडं. एकेक रेष मी पुन्हा पुन्हा पुसून काढली होती. झुडूप तोडून घेतलं आणि गवंडी फक्की घेऊन आखणीला आला.

गवंडी बुटका, बोलायला फटकळ, कामाला चोख. त्यानं दोरी ताणली, पांढरी फक्की ओढत आत गेला आणि अर्ध्यातच उभा राहिला.

"बाई, तुमच्या नकाशातलं घर शेजाऱ्याच्या शेतात चाललंय."

"असं कसं? चाळीस फूट खोल आहे जागा."

"चाळीस आहे, पण आडवं पडलंय. या आणि बघा."

मी गेले. झुडूप गेलं होतं, त्यामुळे आता सगळं उघडं पडलं होतं. बाजूचं कुंपण रस्त्यापासून सरळ आत जातच नव्हतं. ते रस्त्याच्या जवळजवळ कडेकडेनं सरकत, उगाच आत गेल्यासारखं करत होतं. मागच्या कोपऱ्यापासून मी रस्त्यावर सरळ लंब टाकला आणि मोजला. वीस फूट. तिरकी बाजू चाळीस, उंची वीस. वीस भागिले चाळीस म्हणजे अर्धा. साइन अर्धा असलेला कोन मला कॅल्क्युलेटरवर शोधावा लागत नाही.

तीस अंश.

दादाकडे साठ गुणिले चाळीस, चोवीसशे चौरस फूट. माझ्याकडे साठ गुणिले चाळीस गुणिले अर्धा, बाराशे. बाजू त्याच. मी गवंड्याचा गुण्या हातात घेऊन, म्हणजे तो काटकोन तपासायचा लोखंडी तुकडा, रस्ता ओलांडून दादाच्या कुंपणाशी गेले आणि कोपऱ्याला लावला. चपखल बसला. नव्वद.

मी तिथेच खाली मातीत बसले. राग नंतर आला. आधी लाज वाटली, एवढी लाज की गवंड्याकडे बघवेना. बापानं फसवलं म्हणून नाही. त्यानं मला मीच शिकलेल्या धड्यात फसवलं म्हणून. दुसरं काही वापरायचं होतं. खोटी सही करायची, रडायचं, म्हातारपण पुढं करायचं. माझी चौकट कशाला घेतली?

त्याच संध्याकाळी मी बाबांकडे गेले. तोवर काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे पार नेले होते. ते दादाच्या बंगल्यात खालच्या मजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत राहत होते. मी सरळ विचारलं.

"बाबा, माझ्या जागेचा कोपरा किती अंशांचा आहे?"

त्यांच्या चेहऱ्यावर एक रेषसुद्धा हलली नाही. नुसती मान थोडी वळली, आवाजाच्या दिशेला.

"बाजू मोजल्यास ना?"

"मोजल्या."

"दादाइतक्याच आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर."

एवढंच. दारात वहिनी चहा घेऊन उभी होती, म्हणून मी तोंड मिटलं. बाबांनाही माहीत होतं की मी तोंड मिटणार. नातेवाइकांसमोर नमस्कार करून बसलेली मुलगी आता अंश आणि साइन घेऊन कुणाच्या दारात जाणार? काकांना साइन समजावून सांगणार? वकिलाकडे जाऊन बापावर दावा लावणार? सगळ्या हिशेबात त्यांनी माझा स्वभावही धरला होता. मोजणीदार चांगला होता माझा बाप.

जमीन परत मिळावी असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला एकच हवं होतं. त्यांनी तोंडानं म्हणावं, तीस. चिमे, तीस अंश होते आणि मला माहीत होतं. त्यानंतर मी त्यांना माफ केलं असतं की नसतं, मला माहीत नाही. पण आकडा त्यांच्या तोंडून यायला हवा होता.

मी नकाशा फाडला, नवा काढला, बाराशेत बसेल असं बारकं घर बांधलं. झाडांची जागा गेली, कामाची खोली निम्मी झाली. आणि वर्षभरानं दादाच्या घरात बाबांचं ओझं झालं. वहिनीच्या आईला आणायचं होतं, जिन्याखालची खोली हवी होती. दादा फोनवर म्हणाला, "तुझ्याकडे जरा शांत आहे ना, त्यांना बरं वाटेल." म्हणजे ज्याला चोवीसशे दिले त्याच्याकडे बापाला जागा उरली नाही. आणि मग बाबांचा स्वतःचा फोन आला. खोली बारा बाय दहाच हवी.

मी गवंड्याला बोलावलं. घराच्या बाजूच्या भिंतीला लागून खोली काढायची, एक भिंत आयतीच आहे, बाकी तीन उठवायच्या. मी कागदावर आकृती काढून दिली. लांब बाजू बारा फूट, तिरकी बाजू दहा फूट, मधला कोन तीस.

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला.

"ही खोली आहे की पाचर? बाई, बाराला दहा म्हणताय, पण आत रुंदी पाचच फूट भरेल."

"बरोबर. दहाच्या निम्मी. एकशेवीसच्या जागी साठ चौरस फूट."

"पलंग टाकला तर माणूस उभा कुठं राहणार?"

"पलंग तीन फुटांचा. दोन फूट उरतात की."

"आणि हे दोन निमुळते कोपरे? त्यांत झाडूसुद्धा जायचा नाही."

"म्हातारा झाडणार थोडाच आहे."

त्यानं कागदाची घडी करून माझ्याकडे परत धरला. त्याला जागेची गोष्ट माहीत होती, त्यानंच तर उघडी पाडली होती. "आंधळा माणूस आहे तो," तो हळू म्हणाला. "माझा बाप असता तर मी..."

"तुमचा बाप नाहीये."

मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय तो काम करणार नव्हता. तिन्ही भिंती चिखलात बसवा, सिमेंट नको, गिलावा नको. वर पत्रा टाका. बाहेर जास्तीच्या विटा रचून ठेवा. ज्या दिवशी मी फोन करीन त्या दिवशी या, भिंती उतरवा आणि सरळ बारा बाय दहाची खोली करून द्या, काटकोनात. एका माणसाच्या तोंडून एक शब्द यायचा आहे, तो आला की लगेच.

"आणि नाहीच आला तर?"

"येईल. त्यांना मापातली चूक सहन होत नाही."

हे मी खात्रीनं म्हटलं होतं. माझ्या लेखी ती खोली एक प्रश्न होती. ज्यानं मला चौकट शिकवली त्याला चौकटीच्या आत ठेवायचं आणि उत्तराची वाट बघायची. त्याला तुम्ही छळ म्हणा. मीही म्हणते.

बाबा आले. दादानं त्यांना फाटकाशी सोडलं, घाई आहे म्हणाला आणि गाडी वळवली. मी हात धरून त्यांना खोलीच्या दारात आणलं.

"मला मोजू दे," ते म्हणाले. आत जाण्याआधीच खिशातून टेप काढली. डोळे गेले तरी टेप खिशात. आकडे वाचायला मी होतेच. ते भिंतीवर हात फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले, टेप ताणली.

"किती?"

"बारा," मी वाचलं.

मग तिरकी भिंत.

"दहा."

समोरची. बारा. शेवटची. दहा. एकही आकडा मी खोटा वाचला नाही. टेप गुंडाळताना त्यांचा हात कोपऱ्यात गेला. निमुळत्या कोपऱ्यात. तळवा आत शिरेना. बोटं शिरली, तीही एकमेकांवर चढून. ते तिथं बराच वेळ उभे राहिले. माझ्या हातात मोबाइल होता, गवंड्याचा नंबर समोर होता. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या क्षणी मी मनात त्यांना विनवत होते. बोला ना बाबा. एकदा म्हणा.

त्यांनी हात बाहेर काढला. बोटांना लागलेला चिखल धोतरानं पुसला.

"छान झाली," ते म्हणाले. "बरोबर बारा बाय दहा."

आणि पलंगाच्या कडेवर बसले. गुडघे समोरच्या भिंतीला जवळजवळ टेकले.

त्यानंतरचे महिने मी मोठ्या चवीनं सांगू शकते, पण सांगवत नाही. उठताना त्यांचं डोकं भिंतीवर आपटायचं. काठी फिरवायला जागा नव्हती, म्हणून काठी त्यांनी कोपऱ्यात टेकवली, तर ती निमुळत्या खाचेत अडकली आणि निघेना. मी येऊन काढेपर्यंत ते तिच्याशी झटत होते. कपाळावर खरचटलेलं कायम असायचं. ताट घेऊन गेले की मी रोज विचारायची, "खोलीत काही कमीजास्त, बाबा?" ते रोज म्हणायचे, "काही नाही. ठीक आहे." जेवण मी उत्तम द्यायची. औषधं वेळेवर. कुणी बोट ठेवू नये इतकं सगळं नीट.

ती जुनी चौकट माझ्याकडे अजून होती. मी ती त्यांच्या उशाच्या फळीवर ठेवली, तीस अंशांत कलंडवून. सकाळी बघितलं तर सरळ केलेली. नव्वद. मी पुन्हा कलंडवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ. असं आमचं चाललं होतं, जणू बापलेक पूर्वीसारखे टेबलावर बसून गणित सोडवतायत. खिळे इतके सैल झाले की चौकट हात लावताच लोळायची. माझा धीर सुटत चालला होता. एकदा त्यांचं कपाळ चांगलंच फुटलं, मी पट्टी बांधली आणि बांधता बांधता म्हटलं, "बाबा, नुसता आकडा सांगा. कशाचा ते नका सांगू. नुसता आकडा."

त्यांनी माझा हात चाचपडून धरला. दाबला. मला वाटलं, आलं.

"पट्टी घट्ट झालीय," ते म्हणाले.

मग एका रविवारी दादा आला. पहिल्यांदाच आत आला. फळांची पिशवी हातात, तोंडावर भेटीला आल्याचं हसू. दारात पाऊल टाकलं आणि हसू गेलं.

"हे काय आहे? ही काय खोली आहे?" त्यानं पिशवी ठेवायला जागा शोधली, सापडली नाही. "बाबा, तुम्ही राहता कसे इथं? डोक्याला काय झालंय? हिनं तुम्हाला बारा बाय दहा सांगितलं होतं ना? ही निम्मीसुद्धा नाहीये!"

"निम्मी आहे," मी दारातून म्हटलं. "बरोबर निम्मी."

"तू गप्प बस. लाज नाही वाटत? आंधळ्या माणसाला फसवतेस?" त्याचा आवाज खराच भरून आला होता. दादा वाईट माणूस नाही, त्याला फक्त कधी काही विचारावं लागलेलं नाही. "बाबा, उठा. आपल्या घरी चला. मी बघतो काय करायचं ते. आणि हिनं हे कसं केलं ते मला सांगा, काकांना बोलावतो, सगळ्यांसमोर विचारतो."

मी बाबांकडे बघत होते. याच्याइतकी चांगली संधी मला मागूनही मिळाली नसती. दादाला सगळं सांगायचं तर एकच मार्ग होता. बाजू बरोबर आहेत पण कोन तीसचा आहे, म्हणून जागा निम्मी झाली, असं म्हणावं लागलं असतं. आणि ते एकदा म्हटलं की दादानं, कितीही झोपाळू असला तरी, खिडकीबाहेर माझं तिरकं कुंपण बघितलं असतं. मग रस्त्यापलीकडचं स्वतःचं बघितलं असतं. खोलीतून सुटायचं होतं तर बाबांना तो शब्द उच्चारावाच लागणार होता. माझा अंगठा मोबाइलवर होता. बाहेर विटा रचलेल्या होत्या.

बाबांनी खिशातून टेप काढली आणि दादाच्या दिशेला धरली.

"बाजू मोज," ते म्हणाले.

"बाबा, बाजू कशाला मोजू, डोळ्यांना दिसतंय की..."

"तुला काय कळतंय त्यातलं? मोजणीदार मी आहे. बाजू मोज म्हणतो ना."

दादानं मोजल्या. पलंगावर गुडघे टेकून, भिंतींना घासत. बारा. दहा. बारा. दहा. त्याचा चेहरा बावळट झाला होता.

"बरोबर आहेत ना?"

"आहेत, पण..."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "पोरीनं सांगितलं तेवढं दिलंय. उगाच तिला बोलू नकोस. घरी जा तू."

दादा माझ्याकडे बघून पुटपुटला, माफ कर, आणि निघाला. फाटकाशी पोचेपर्यंत त्याचा चेहरा मोकळा झाला होता. घरी न्यायचं टळलं होतं. गाडी रस्ता ओलांडून त्याच्या चोवीसशे चौरस फुटांत शिरलेली मी बघितली.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी समजत होते की तो म्हातारा माझ्याशी हट्टानं लढतोय. तो माझ्याशी लढतच नव्हता. त्यानं हिशेब केला होता, नेहमीसारखा चोख. साठ चौरस फुटांत मरायला त्याची तयारी होती, कपाळ फोडून घ्यायची तयारी होती, पण दादाच्या जमिनीकडे बोट जाईल असा एक आकडा तो उच्चारणार नव्हता. आणि ज्या वाक्यानं त्यानं मला लुटलं त्याच वाक्यानं त्यानं आत्ता मला वाचवलं होतं, तेही दादासाठी. मी या सगळ्यात कुठेच नव्हते. चौकट दोघांची होती असं फक्त मलाच वाटत होतं.

मी आत गेले. ते पलंगावर बसून होते, हात फळीवर, चौकट सरळ करत. खिळा निघाला होता आणि पट्ट्या सुट्या झाल्या होत्या. ते त्या चाचपडून जुळवायला बघत होते.

"बाबा," मी म्हटलं, "कोन?"

"कुठला कोन?" ते म्हणाले.

मी बाहेर येऊन गवंड्याला फोन केला. तो खूश झाला. म्हणाला, "आला का शब्द? उद्याच येतो, भिंती उतरवायला दोन माणसं आणतो."

"माणसं नकोत," मी म्हटलं. "सिमेंट आणा. विटांमधल्या फटी भरून घ्या, आतून बाहेरून गिलावा करा. भिंती आहेत तिथंच पक्क्या करायच्यात."

त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग विचारलं, "आणि बाहेर रचलेल्या विटा?"

"रस्त्यापलीकडे दादाकडे टाका. त्याला बागेत लागतील."

दुसऱ्या दिवशी गिलावा झाला. संध्याकाळी बाबा सवयीनं कोपऱ्याकडे हात न्यायला लागले, तेव्हा मी दारातून ओरडले, "ओलं आहे, हात लावू नका."

हात तिथंच थांबला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.